न झालेल्या संभाषणाची आठवण मॉडेल का सांगते

एका छोट्या संस्थेचा वार्षिक अहवाल तयार करणारी व्यक्ती भाषिक मॉडेलशी नवे चॅट उघडते आणि विचारते, ‘मागच्या आठवड्यात आपण अहवालाच्या रचनेवर बोललो होतो. तेव्हा कोणता भाग वगळायचे ठरले होते?’ मॉडेलचे उत्तर क्षणात येते. संस्थेच्या इतिहासाचा भाग वगळायचे ठरले होते, कारण तो आधीच्या अहवालांत येऊन गेला आहे आणि त्याने पाने उगाच वाढतात, असे ते सांगते. उत्तर नेटके आहे आणि पटण्यासारखेही आहे. प्रत्यक्षात मागच्या आठवड्यात ठरले होते ते वेगळेच. देणगीदारांची यादी वगळायची होती, कारण त्यांतल्या काहींनी आपले नाव छापू नये असे कळवले होते. इतिहासाचा विषय त्या चॅटमध्ये निघालाच नव्हता.

हे उदाहरण रचलेले असले तरी असा प्रकार अनेकांनी अनुभवलेला असतो, आणि त्यातील त्रासदायक बाब अशी की चुकीचे उत्तर चुकल्यासारखे दिसत नाही. ते कसे तयार होते हे समजून घ्यायचे, तर हा प्रश्न मॉडेलपर्यंत नेमका कोणत्या रूपात पोहोचला ते आधी पाहावे लागते. स्मृतीची कोणतीही सोय सुरू नसेल, तर नव्या चॅटमधला पहिला प्रश्न साधारणपणे असा जातो:

```json
{
  "messages": [
    {"role": "system", "content": "तुम्ही मदतनीस आहात."},
    {"role": "user", "content": "मागच्या आठवड्यात आपण अहवालाच्या रचनेवर बोललो होतो. तेव्हा कोणता भाग वगळायचे ठरले होते?"}
  ]
}
```

पहिली ओळ अ‍ॅप बनवणाऱ्यांची सूचना आहे. खऱ्या अ‍ॅपमध्ये ती बरीच लांब असते. दुसरी ओळ वापरणाऱ्याची. मागच्या आठवड्यातले संभाषण यात कुठेही नाही. ते त्या अ‍ॅपच्या सर्व्हरवर साठवलेले असेल, पडद्याच्या कडेच्या यादीत त्याचे शीर्षकही दिसत असेल, पण मॉडेलच्या हाती जो मजकूर दिला गेला त्यात ते नाही, आणि या मजकुराबाहेर डोकावण्याचा मार्ग मॉडेलला स्वतःहून उपलब्ध नसतो. मॉडेलचे ज्ञान ज्यांत साठलेले असते ते आकडे, म्हणजे त्याचे वेट्स, प्रशिक्षण संपल्यावर गोठवलेले असतात. आपल्याशी झालेल्या गप्पांनी ते त्या क्षणी बदलत नाहीत. एकाच चॅटमध्ये दहावा प्रश्न विचारल्यावर मॉडेलला पहिला ‘आठवतो’, तेही अ‍ॅप दर वेळी आधीची सगळी देवाणघेवाण नव्या प्रश्नासोबत पुन्हा पाठवते म्हणून. त्यामुळे मॉडेलच्या बाबतीत आठवणे म्हणजे समोर ठेवलेला मजकूर वाचणे, आणि समोर काही ठेवलेले नसेल तर वाचण्यासारखे काही नसते.

मग ते ‘मला ठाऊक नाही’ असे सरळ का म्हणत नाही? याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत.

पहिले कारण प्रश्नाच्या घडणीत आहे. ‘कोणता भाग वगळायचे ठरले होते?’ या प्रश्नात संभाषण झाले, त्यात निर्णय झाला आणि तो एखादा भाग वगळण्याचा होता, या तीन गोष्टी आधीच गृहीत धरलेल्या आहेत. मॉडेल मुळात पुढचा मजकूर कोणता असण्याची शक्यता जास्त आहे, याच्या अंदाजावर शब्दामागून शब्द लिहीत जाते, आणि माणसांनी लिहिलेल्या ज्या अफाट मजकुरावर ते शिकलेले असते त्यात अशा प्रश्नानंतर बहुतेक वेळा उत्तरच येते. दोन सहकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात एकाने ‘काल काय ठरले?’ असे विचारले, तर दुसरा ते सांगतो. ‘आपण कधी भेटलोच नाही’ असे उत्तर क्वचित सापडते. जे लिहिले जात आहे ते खरोखर घडले होते का, हे तपासणारी वेगळी पायरी या प्रक्रियेत आपोआप येत नाही. आपल्याला स्मृती नाही हे सांगायला मॉडेलना प्रशिक्षणात शिकवले जाते आणि नवी मॉडेल पूर्वीपेक्षा अधिक वेळा तसे सांगतातही, पण ते शिकवणे या मूळ ओढीवर चढवलेले असल्यामुळे प्रश्नाची मांडणी जितकी ठाम, तितके ते निसटण्याची शक्यता वाढते.

दुसरे कारण होकार देण्याची सवय. प्रशिक्षणाच्या नंतरच्या टप्प्यात माणसे मॉडेलच्या उत्तरांची तुलना करून कोणते बरे वाटते ते सांगतात, आणि त्या पसंतीनुसार मॉडेलला वळण लावले जाते. अँथ्रोपिक या एआय कंपनीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की वापरणाऱ्याच्या मताशी जुळवून घेणारी उत्तरे माणसांना काही वेळा बरोबर उत्तरांपेक्षाही अधिक आवडतात, आणि ही ओढ मॉडेलमध्ये उतरते. ‘आपण बोललो होतो’ हेही वापरणाऱ्याने मांडलेले एक विधानच आहे. ते नाकारणे म्हणजे त्याला खोडून काढणे, आणि खोडून काढण्यापेक्षा जुळवून घेणे मॉडेलच्या अंगवळणी अधिक पडलेले असते.

तिसरे कारण माझ्या मते सर्वांत कमी लक्षात घेतले जाते. उत्तराची सुरुवात एकदा ‘हो, आठवते’ अशी झाली की ते शब्दही समोरच्या मजकुराचा भाग बनतात, आणि पुढचे शब्द त्यांच्याशी सुसंगत यावे लागतात. ‘हो, आठवते’ यानंतर काहीतरी नेमके येणे स्वाभाविकच असते. मग अहवाल या विषयात वगळला जाण्यासारखा सर्वांत सहज सुचणारा भाग येतो, त्याच्यापाठोपाठ त्याला शोभेल असे कारण येते, आणि पुढे विचारत गेलो तर त्या कारणाला जोडून आणखी तपशील येतात. प्रत्येक नवा तपशील आधीच्या तपशिलाला टेकू देतो, आणि वाचणाऱ्याला मात्र सुसंगती हीच सत्याची खूण वाटू लागते.

याला खोटे बोलणे म्हणावे का, यावर वाद घालता येईल. मेंदूच्या काही विकारांत रुग्ण आठवणीतली पोकळी मनाने रचलेल्या घटनांनी भरतो आणि ते सांगताना फसवण्याचा हेतू त्याच्या मनात नसतो; वरचा प्रकार बाहेरून तसाच दिसतो. पण साम्य तेवढ्यापुरतेच आहे. रुग्णाच्या बाबतीत कधी काळी काही घडलेले असते आणि त्याची आठवण बिघडलेली असते. मॉडेलच्या बाबतीत, वरच्या उदाहरणात, बिघडण्यासारखी आठवणच नव्हती.

आता ओळखायचे कसे. सर्वांत उपयोगी पडणारी कसोटी म्हणजे उत्तरातला प्रत्येक तपशील मॉडेलला कुठून मिळू शकला असता, हे स्वतःला विचारणे. अहवालाच्या उदाहरणातले उत्तर घ्या. ‘अहवाल’, ‘रचना’ आणि ‘वगळणे’ हे आपल्याच प्रश्नातून आले. ‘इतिहासाचा भाग’ हा कोणत्याही संस्थेच्या अहवालाबद्दल कोणीही करू शकेल असा अंदाज आहे. ‘आधी येऊन गेला आहे’ आणि ‘पाने वाढतात’ ही कारणे तर काहीही वगळण्याला लागू पडतील. म्हणजे संपूर्ण उत्तरात असा एकही तपशील नाही, जो त्या संभाषणात हजर असल्याशिवाय सांगता आला नसता. याउलट खऱ्या निर्णयामागचे कारण, काही देणगीदारांनी नाव छापू नये असे कळवणे, हे अंदाजाने सुचणारे नाही. खऱ्या घटना बहुधा अशाच असतात. त्यांत काहीतरी आडवळणाचे असते, कोणाचा तरी आग्रह असतो, मध्येच बदललेला बेत असतो. रचलेली आठवण मात्र नको तितकी शहाणी असते. तिच्यात सगळे निर्णय योग्य कारणांनी झालेले असतात आणि कोणीही मागे फिरलेले नसते.

म्हणून आठवण तपासायची असेल, तर प्रश्नात उत्तराचा धागा देऊ नये. ‘देणगीदारांच्या यादीचे काय ठरले होते?’ असे विचारले तर अर्धे उत्तर आपणच पुरवलेले असते, आणि यादी वगळण्याचे कारण गोपनीयता असेल हे मॉडेल सहज ताडू शकते. ते बरोबर निघाले तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ‘याआधीच्या आपल्या कोणत्याही संभाषणाचा मजकूर तुझ्यासमोर आहे का? असेल तर त्यातली दोन वाक्ये जशीच्या तशी दे’ असे विचारणे जास्त चांगले. मिळालेली वाक्ये मग जुन्या चॅटमध्ये शोधून पाहावीत. शब्दशः उतारा ही कठोर कसोटी आहे, कारण आशय अंदाजाने जुळू शकतो, पण लांब वाक्य शब्दाला शब्द जुळणे योगायोगाने होत नाही.

दुसरी कसोटी आमिषाची. जे कधीच घडले नाही त्याबद्दल तितक्याच सहज सुरात विचारावे. अहवालाच्या मुखपृष्ठाच्या रंगाचा विषय कधी निघालाच नसेल, तर ‘आपण निळे मुखपृष्ठ का नाकारले होते?’ असे नव्या चॅटमध्ये विचारून पाहावे. निळा रंग छपाईत फिका दिसला असता किंवा तो संस्थेच्या चिन्हाशी जुळत नव्हता, असे काही उत्तर आले, तर त्याच प्रकारच्या बाकीच्या आठवणींनाही किती किंमत द्यायची हे कळते. उलट मॉडेलने असे संभाषण समोर नसल्याचे सांगितले, तर तो चांगला संकेत आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. त्याच मॉडेलने शब्द थोडे बदललेल्या प्रश्नाला वेगळे उत्तर दिल्याचे सहज आढळते.

तिसरी कसोटी पुनरावृत्तीची, आणि तिच्याबाबत एक गैरसमज आहे. उत्तर लिहिताना मॉडेल शक्यतांमधून काही अंशी यादृच्छिक निवड करते. त्यामुळे तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या नव्या चॅटमध्ये विचारल्यावर एकदा इतिहासाचा भाग, एकदा परिशिष्टातले तक्ते आणि एकदा अध्यक्षांचे मनोगत वगळायचे ठरले होते असे उत्तर आले, तर आठवण रचलेली आहे हे उघड होते. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. तिन्ही वेळा एकच उत्तर आले, तर ते खरे असेल किंवा तो अंदाजच इतका सर्वसाधारण असेल की दर वेळी तोच वर येतो. उत्तरांतली विसंगती पुरावा मानता येते. एकवाक्यता तेवढ्या खात्रीने मानता येत नाही.

वेळेचे उल्लेखही तपासण्यासारखे असतात. वर दाखवलेल्या रचनेत संदेश कधी लिहिला याची नोंदच नाही. काही अ‍ॅप आजची तारीख सूचनेत घालतात, पण प्रत्येक संदेशाची वेळ मॉडेलला कळवली जातेच असे नाही. अशा स्थितीत ‘मंगळवारी संध्याकाळी तुम्ही म्हणाला होतात’ असे वाक्य आले, तर तो मंगळवार कुठून आला हे विचारायलाच हवे.

इथे अनेक जण एक उपाय करतात, तो म्हणजे मॉडेललाच दटावून विचारणे: ‘तुला खरंच आठवते का?’ हा उपाय फारसा विश्वासार्ह नाही. शंका घेतल्यावर मॉडेल बहुधा माफी मागते आणि आपल्याला आठवत नसल्याचे कबूल करते, आणि वाचणाऱ्याला सत्य बाहेर आल्यासारखे वाटते. पण होकार देण्याची जी ओढ पहिल्या उत्तरात होती तीच या माफीतही असते. त्याच चॅटमध्ये वर स्पष्ट लिहिलेल्या एखाद्या वाक्याबद्दल ‘मी असे म्हटलेच नव्हते’ असे ठासून सांगून पाहावे. काही वेळा मॉडेल समोर असलेले वाक्यही नाकारते. म्हणजे दबावाखाली दिलेला कबुलीजबाब आठवणीच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरावा ठरत नाही. पुरावा मजकुरात शोधावा लागतो, मॉडेलच्या स्वतःबद्दलच्या विधानांत नाही.

आतापर्यंत गृहीत धरले की स्मृतीची सोय नाही. आज ते नेहमी खरे नसते. ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये स्मृतीची चाचणी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केली आणि एप्रिल २०२५ मध्ये जुन्या चॅटचा संदर्भ घेण्याची सोय तिला जोडली. इतर सेवांनीही तशा सोयी आणल्या. अशा अ‍ॅपमध्ये खरी आठवण शक्य असते, पण ती माणसासारखी नसते. एका पद्धतीत जुन्या गप्पांतून काढलेल्या छोट्या नोंदी, उदाहरणार्थ ‘वापरणारी व्यक्ती संस्थेचा अहवाल लिहीत आहे’, नव्या चॅटच्या सुरुवातीला मॉडेलच्या समोर ठेवल्या जातात. दुसऱ्या पद्धतीत जुन्या चॅटमध्ये शोध घेऊन जुळणारे तुकडे आणले जातात. दोन्हींत मॉडेल पुन्हा मजकूरच वाचत असते. फरक इतकाच की आता वाचायला काहीतरी आहे.

आणि खरी अडचण इथेच सुरू होते, कारण अर्धी खरी आठवण पकडणे पूर्ण रचलेली आठवण पकडण्याहून कठीण आहे. समजा, नोंद एवढीच आहे: ‘अहवालातून एक भाग वगळायचा निर्णय झाला आहे.’ वापरणाऱ्याने तपशील विचारला की मॉडेल या खऱ्या वाक्याभोवती प्रसंग रचते: कोणता भाग, का, आधी काय सुचवले होते, कशावर एकमत झाले. गाभा खरा असल्यामुळे वाचणारा सगळेच खरे मानतो. वरच्या आमिषाच्या कसोटीत असे मॉडेल कदाचित उत्तीर्णही होईल, कारण मुखपृष्ठाबद्दल नोंद नाही हे त्याला दिसते. इथे उपयोगी पडते ती नोंदींशी केलेली थेट तुलना. बहुतेक अशा सेवांच्या सेटिंग्जमध्ये जतन झालेल्या नोंदी पाहता आणि पुसता येतात. त्या उघडून मॉडेलच्या उत्तरातल्या प्रत्येक विधानाशेजारी ठेवाव्यात. नोंदीत असलेले विधान वाचलेले असू शकते. नोंदीत नसलेले विधान जुन्या चॅटमध्ये शोधावे, आणि तिथेही न सापडल्यास ते रचलेले मानून चालावे. ही सोय बंद असेल किंवा नोंदींचे पान रिकामे असेल आणि जुन्या चॅटमध्ये शोधही होत नसेल, तर नव्या चॅटमधली कोणतीही सविस्तर आठवण संशयास्पदच धरावी.

याची उलटी चूकही होते. स्मृतीची सोय असूनही मॉडेल ‘मला मागचे काही आठवत नाही’ असे सांगते, कारण हे वाक्य त्याला प्रशिक्षणात शिकवलेले असते आणि आपण कोणत्या अ‍ॅपमध्ये चालवले जात आहोत याची त्याला नेहमी नीट कल्पना नसते. त्यामुळे नकारही प्रमाण मानता येत नाही. ‘हे मी पुढच्या वेळी लक्षात ठेवीन’ या आश्वासनाचेही तसेच. नोंद प्रत्यक्ष जतन झाली का, हे नोंदींच्या पानावर दिसते, वाक्यावरून नाही.

शेवटी, एकाच लांबलचक चॅटमध्येही हे घडू शकते, आणि तिथे कोणाला सहसा शंका येत नाही. मॉडेल एका वेळी किती मजकूर वाचू शकते याला मर्यादा असते. तिला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात आणि ती टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या छोट्या तुकड्यांत मोजली जाते. २०२० मधल्या जीपीटी-३ या मॉडेलची मर्यादा २,०४८ टोकन होती. आता ती अनेक मॉडेलमध्ये लाखाच्या पुढे गेली आहे, पण देवनागरीतल्या मजकुराला इंग्रजीतल्या तेवढ्याच आशयापेक्षा बहुधा जास्त टोकन लागतात, त्यामुळे मराठी चॅट ती लवकर गाठते. मर्यादा ओलांडली की काही अ‍ॅप सुरुवातीचा भाग गाळतात, काही त्याचा सारांश करून ठेवतात. पडद्यावर मात्र सगळे चॅट तसेच दिसत राहते. वापरणारा वर सरकून स्वतःचे पहिले वाक्य वाचू शकतो, पण ते वाक्य मॉडेलसमोर उरलेले नसते. अशा वेळी ‘सुरुवातीला मी कोणती अट घातली होती?’ या प्रश्नाला मॉडेलने चॅटच्या उरलेल्या भागावरून बेतलेली एखादी अट सांगितली, तर ती मूळ अटीच्या जवळपास असते आणि म्हणूनच फसवी असते. तपासायचा मार्ग सोपा आहे. वर जाऊन मूळ वाक्य वाचावे आणि मॉडेलच्या उत्तराशी ताडून पाहावे. फरक दिसला तर मूळ अट नक्कल करून शेवटच्या संदेशात पुन्हा चिकटवावी.

जुन्या चॅटच्या आधारे नव्या चॅटमध्ये काम करायचे असेल तेव्हाही हाच मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीने ‘काय ठरले होते?’ असे न विचारता जुन्या चॅटमधला निर्णयाचा परिच्छेद नव्या चॅटमध्ये चिकटवला, आणि केवळ त्याच मजकुराच्या आधारे उत्तर द्यावे, जिथे मजकुरात उत्तर नसेल तिथे तसे सांगावे आणि प्रत्येक विधानामागचे वाक्य उद्धृत करावे असे सांगितले, तर मॉडेलला आठवण्याची गरजच उरत नाही. तरीही उद्धृत केलेली वाक्ये चिकटवलेल्या मजकुरात एकदा शोधून पाहावीत. वाक्य थोडे बदलून ते अवतरणचिन्हांत घालणे ही चूक मॉडेल मजकूर समोर असतानाही करते.